व्हेंटिलेटरचे शब्द मराठीत आणताना: आधी मोड, मग अलार्म

सोलापुरात आयसीयू टेक्निशियन म्हणून नव्याने लागणारी मुलं-मुली बार्शी, मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढा अशा सगळीकडून येतात. कुणाच्या घरात मराठी, कुणाच्या घरात कन्नड, आणि पूर्व भागातली असतील तर तेलुगू. कामावर सगळ्यांची बोली मराठी असते, पण व्हेंटिलेटरची स्क्रीन इंग्रजीत. म्हणून बऱ्याच ठिकाणी कुणीतरी हौसेने शब्दांची यादी करतं. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, वर लॅमिनेशन. यादी भिंतीवर लागते आणि अलार्म वाजला की तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

याचं कारण साधं आहे. व्हेंटिलेटरवर एकाच अलार्मचा अर्थ मोडप्रमाणे, म्हणजे मशीन श्वास कोणत्या पद्धतीने देतं त्याप्रमाणे, बदलतो. छातीत कफ साठला तर एका मोडमध्ये दाब वाढल्याचा अलार्म येतो, आणि दुसऱ्या मोडमध्ये तोच कफ असताना दाब जागचा हलत नाही, श्वासाचं माप मात्र कमी झाल्याचा अलार्म येतो. शब्दांची यादी हे सांगू शकत नाही. म्हणून इथे साठ शब्दांचं कोष्टक न करता एकच मशीन, दोन मोड आणि मोजके अलार्म घेऊन कार्ड कसं बनवायचं ते सांगतो. एवढं नीट जमलं की बाकीचे शब्द याच वाटेने मराठीत आणता येतात.

१. स्क्रीनवरचा शब्द जसाच्या तसा उतरवा

कार्ड करायला बसण्याआधी मशीनसमोर उभं राहा. मशीन रुग्णाला लावलेलं नको. रिकामं, सर्किट म्हणजे श्वासाच्या नळ्या जोडलेलं आणि पुढे टेस्ट लंग म्हणजे फुप्फुसाच्या जागी धरायचा फुगा लावलेलं हवं. स्क्रीनवर जे दिसतं ते अक्षर न अक्षर वहीत घ्या. कुठे मोठं अक्षर आहे, कुठे छोटं, तेही तसंच. `VTe` आणि `VTi` यांत शेवटच्या एका अक्षराचा फरक आहे, आणि पुढे सगळं त्यावरच अवलंबून आहे.

उतरवताना प्रत्येक शब्दापुढे एक खूण करा: हा आकडा आपण लावलेला आहे की मशीनने मोजलेला? नवीन माणसाचा सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, कारण श्वासाच्या मापाचे ४०० मिली एकीकडे लावलेले दिसतात आणि दुसरीकडे मोजलेले म्हणून ३८५ दिसतात. मराठीत यासाठी दोनच शब्द ठेवा, ‘लावलेलं’ आणि ‘मोजलेलं’. ‘निर्धारित’, ‘प्रत्यक्ष’ वगैरे शब्द चुकीचे नाहीत, पण रात्री तीनला ते कुणाच्या तोंडी येत नाहीत.

स्क्रीनवरचा इंग्रजी शब्द कार्डावरून काढून टाकू नका. टेक्निशियनला तो शब्द ओळखायचा आहे आणि मग त्याचा अर्थ मराठीत वाचायचा आहे. कार्डावर पहिल्या ओळीत स्क्रीनवरचा शब्द तसाच, खाली मराठी. स्क्रीनवरच्या शब्दावर मराठी स्टिकर चिकटवायचा मोह होतो, तो टाळा.

२. पायाचे शब्द ठरवा, आणि वॉर्डात आधीपासून फिरणाऱ्या शब्दांपासून त्यांना वेगळं ठेवा

शब्द निवडताना शब्दकोशाआधी आपला वॉर्ड ऐका. आयसीयूत काही शब्द आधीच दुसऱ्या कामाला लागलेले असतात.

‘प्रेशर’ घ्या. सिस्टरला “प्रेशर वाढलंय” असं ओरडून सांगितलं तर ती मॉनिटरवरचा बीपी बघणार. तिची चूक नाही, वॉर्डात प्रेशर म्हणजे बीपीच. ‘सपोर्ट’चं त्याहून अवघड आहे. आयसीयूत “सपोर्ट चालू केला” म्हणजे बहुतेक वेळा बीपी टिकवायचं औषध पंपावर लावलं. नातेवाइकांच्या तोंडी “सपोर्टवर ठेवलंय” म्हणजे सगळं व्हेंटिलेटरच. त्यामुळे “प्रेशर सपोर्ट दोनने कमी करा” हे वाक्य फोनवर ऐकणारा माणूस औषधाच्या पंपाकडे वळू शकतो. मोडचं नाव म्हणून ‘प्रेशर सपोर्ट’ राहू द्या, पण काय कमी-जास्त करायचं ते सांगताना मराठी शब्द हवा. मी ‘श्वासाचा टेकू’ म्हणतो. “टेकू दहाचा आठ केला” यात पंपाचा संशय येत नाही.

‘हवा’ हाही असाच फसवा शब्द आहे. टायडल व्हॉल्यूमला ‘एका श्वासाची हवा’ म्हणणं अर्थाने बरोबर आहे. पण व्हेंटिलेटरला भिंतीतून ऑक्सिजनची लाईन येते तशी कित्येक मशीनना एअरचीही लाईन येते, आणि तिचा दाब पडला की तोही अलार्म असतो. “हवा कमी आलीय” म्हणजे रुग्णाच्या श्वासात कमी की भिंतीच्या लाईनमध्ये कमी? पहिल्यात बेडजवळ जायचं असतं, दुसऱ्यात पाईपलाईनच्या माणसाला फोन करायचा असतो. म्हणून टायडल व्हॉल्यूमसाठी ‘श्वासाचं माप’ हा शब्द बरा. मिली म्हटलं की माप आलंच. मिनिट व्हॉल्यूमला मग आपोआप ‘मिनिटाचं माप’. आणि लाईनला ‘एअर लाईन’च म्हणा, तिला मराठी नको.

पायाचे शब्द एवढेच पुरतात:

श्वासाचं माप: एका श्वासात आत-बाहेर होणारी हवा, मिलीमध्ये. `VTi` म्हणजे आत गेलेलं माप, `VTe` म्हणजे बाहेर आलेलं माप.

तळदाब: श्वास सोडून झाल्यावरही फुप्फुसात राखलेला दाब. स्क्रीनवर `PEEP`. छोट्या पिशव्या पूर्ण मिटू नयेत म्हणून तो ठेवतात.

शिखरदाब: श्वास आत जाताना नळीत चढलेला सगळ्यात जास्त दाब. स्क्रीनवर बहुधा `Ppeak`.

टेकू: रुग्णाने श्वास सुरू केल्यावर मशीन तळदाबाच्या वर जेवढा दाब देतं तेवढा.

शेवटच्या व्याख्येतले ‘तळदाबाच्या वर’ हे शब्द गाळू नका. त्यांची गरज पुढे पडणार आहे.

आणखी एक बारीक गोष्ट. दाबाचं एकक `cmH2O` असं दिसतं आणि त्याचं ‘सेंटीमीटर पाणी’ असं भाषांतर करायचा मोह होतो. पण तोंडातल्या ट्यूबची खोलीही सेंटीमीटरमध्येच सांगतात, “ओठापाशी बावीस”. “बावीस सेंटीमीटर” म्हणजे ट्यूब की दाब, हा प्रश्न उभा राहायला नको. बोलताना “बावीस दाब” म्हणा, लिहिताना एकक स्क्रीनवर आहे तसं ठेवा.

आकड्यांचंही तेच. कार्डावरचे आकडे देवनागरीत नकोत. हा लेख देवनागरी आकड्यांत आहे, ते ठीक. पण हाताने घाईत लिहिलेला देवनागरी १ इंग्रजी 9 सारखा दिसतो. शेजारी स्क्रीनवर इंग्रजी आकडे असताना डोळा एकाच वेळी दोन लिप्यांत वाचतो आणि फसतो. कार्डावर 15 म्हणजे 15 असंच छापा.

३. मोडच्या नावाचं भाषांतर नको, तीन प्रश्नांची उत्तरं लिहा

मोडच्या नावाला मराठी नाव देण्यात वेळ घालवू नका. व्हॉल्यूम कंट्रोलच्या `VC-AC` ला ‘घनफळ-नियंत्रित साहाय्यित श्वसन’ म्हटलं तर ते कुणाला कळणार आहे? शिवाय एकाच मोडला कंपनीगणिक वेगळी नावं असतात. प्रेशर सपोर्ट कुठे `PSV` आहे, कुठे `SPONT`, कुठे `ASB`. त्यापेक्षा प्रत्येक मोडपुढे तीन प्रश्नांची उत्तरं लिहा: श्वास कोण सुरू करतं? मशीन काय कायम ठेवतं? श्वास आत जाणं कधी थांबतं? तिन्ही उत्तरं मिळाली की चौथी गोष्ट आपसूक कळते, ती म्हणजे काय बदलू शकतं.

व्हॉल्यूम कंट्रोलचं कार्ड असं होतं. श्वास मशीन वेळेवर सुरू करतं, रुग्णाने आधी ओढला तर तेव्हा. श्वासाचं माप कायम. ठरलेली वेळ झाली, माप देऊन झालं की श्वास आत जाणं थांबतं. बदलतो तो दाब.

प्रेशर सपोर्टचं: श्वास फक्त रुग्ण सुरू करतो. दाब कायम. आत जाणारा प्रवाह सुरुवातीच्या जोरापेक्षा बराच मंदावला, साधारण चौथ्या हिश्श्यावर आला, की मशीन हात काढून घेतं. बदलतं ते श्वासाचं माप.

मार्केट यार्डात कांद्याची गोणी पाठीवर घेताना हमाल स्वतः उठायला लागतो तेव्हाच दुसरा खालून हात देतो. तो उठलाच नाही तर हात देणाऱ्याला काही करता येत नाही. प्रेशर सपोर्टमध्ये रुग्णाने श्वास घेतलाच नाही तर मशीन काही वेळ वाट बघतं, बऱ्याच मशीनवर ही मुदत वीस सेकंदांच्या आसपास लावलेली असते. मग अ‍ॅपनियाचा अलार्म देतं आणि बॅकअप चालू ठेवलेला असेल तर स्वतः श्वास द्यायला लागतं.

आता मुख्य सूत्र, जे कार्डाच्या मधोमध मोठ्या अक्षरात हवं: जे कायम आहे ते बघून फसू नका, जे बदलतं त्याचा अलार्म ऐका. व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये दाब बोलतो, प्रेशर सपोर्टमध्ये माप बोलतं.

४. एक रुग्ण, दोन मोड: अलार्मचं कार्ड कसं लिहायचं

एक उदाहरण शेवटपर्यंत नेतो. रुग्ण पुरुष, उंची १७० सेंमी, वजन ९० किलो. श्वासाचं माप डॉक्टर ठरवतात, पण ते काट्यावरच्या वजनावरून ठरत नाही, उंचीवरून ठरतं. माणूस जाड झाला म्हणून फुप्फुस मोठं होत नाही. मशीनवर किंवा चार्टवर `PBW` किंवा `IBW` लिहिलेलं असतं, त्याला ‘उंचीवरून काढलेलं वजन’ असं सरळ म्हणा. ‘आदर्श वजन’ म्हटलं की लोक डाएटचा विचार करतात.

```
पुरुष: 50 + 0.91 × (170 − 152.4) = 66 kg
66 × 6 = 396 ml
```

(बाईसाठी 50 च्या जागी 45.5 घ्यायचे.) किलोमागे सहा मिली धरून ३९६ येतात, डॉक्टरांनी ४०० लावले. काट्यावरचे ९० किलो धरले असते तर ५४० आले असते, म्हणजे याच्या फुप्फुसाला जास्त ताण.

पहिल्या दिवशी मोड व्हॉल्यूम कंट्रोल. लावलेलं माप ४००, तळदाब ५, शिखरदाब २२ च्या आसपास, दाबाची वरची मर्यादा ४०. रात्री कफ साठला. मशीनला ४०० मिली ढकलायचेच आहेत आणि वाट अरुंद झाली, म्हणून दाब चढत ४० ला टेकला. अलार्म आला. मर्यादेला टेकल्यावर मशीन तो श्वास तिथेच तोडतं, म्हणून पाठोपाठ श्वासाचं माप कमी झाल्याचाही अलार्म येऊ शकतो. नवीन माणूस दोन अलार्म बघून दोन बिघाड शोधतो, पण बिघाड एकच असतो आणि मूळ दाबाच्या अलार्ममध्ये असतं. कार्डावर ही ओळ हवीच.

तिसऱ्या दिवशी रुग्ण सुधारला, मोड प्रेशर सपोर्ट केला. टेकू १०, तळदाब ५. म्हणजे शिखरदाब १५. मोजलेलं माप ४१० च्या आसपास, खालची मर्यादा २५०. पुन्हा तसाच कफ साठला. या वेळी मशीनने १५ चा दाब धरून ठेवला, पण अरुंद वाटेतून तेवढ्या दाबाने कमीच हवा गेली. शिखरदाब १५ च राहिला. `VTe` ४१० वरून २३० वर आलं आणि खालच्या मर्यादेचा अलार्म वाजला.

नेमकं इथे भाषांतराने माणूस तरतो किंवा बुडतो. ‘प्रेशर’ नावाचा मोड, प्रेशर १५ स्थिर, दाबाचा अलार्म नाही. टेक्निशियन म्हणतो प्रेशर बरोबर आहे, सेन्सरच चुकतोय, आणि मर्यादा २५० ची २०० करून अलार्म गप्प करतो. कार्डावर ‘माप कमी’ एवढंच लिहिलं असेल तर त्याला दोष देता येत नाही. म्हणून प्रेशर सपोर्टचं कार्ड मी असं लिहितो:

```
मोड: PSV
अलार्म: Low VTe
अर्थ: बाहेर आलेलं श्वासाचं माप खालच्या मर्यादेपेक्षा कमी.
आधी रुग्ण बघा: छाती हलते का, SpO2, श्वासाची गती.
या मोडमध्ये दाब 15 च दिसेल. त्यावर विसंबू नका.
VTi आणि VTe शेजारी ठेवून बघा:
  दोन्ही कमी  -> वाट अडली, फुप्फुस ताठ, किंवा रुग्ण दमला
  VTi जास्त, VTe कमी -> गळती
मर्यादा बदलू नका. सिस्टर/डॉक्टरांना सांगा.
```

कफाच्या वेळी आत गेलेलं माप २४०, बाहेर आलेलं २३०, दोन्ही जवळजवळ सारखं आणि दोन्ही कमी. आता समजा कफ नव्हता, ट्यूबचा कफ-फुगा सैल झाला होता. (मराठीत ‘कफ’ म्हणजे बेडका आणि ‘कफ’ म्हणजे ट्यूबचा फुगा. कार्डावर ट्यूबच्या कफला ‘फुगा’च लिहा, नाहीतर “कफ काढला” हे वाक्य जिवावर बेतेल.) फुगा सैल असताना मशीन दाब धरून ठेवायला जास्त हवा सोडत राहतं. आत गेलेलं ४६०, बाहेर आलेलं २३०. अर्धी हवा वाटेतच निसटली. अलार्म तोच, आकडा तोच, पण `VTi` बघितल्यावर गोष्ट वेगळी निघते. गळतीची आणखी एक खूण असते. प्रवाह मंदावत नाही म्हणून मशीनला श्वास संपल्याचं कळत नाही आणि श्वास आत जाणं लांबतं. रुग्ण सोडायला बघतो आणि मशीन अजून ढकलतच असतं.

काही साध्या मशीनवर `VTi` दिसतच नाही, गळती टक्क्यात दाखवतात. तिथे कार्डावरची ती ओळ त्या टक्क्याच्या भाषेत बदलून घ्यायची.

कार्डावर ‘अर्थ’ या ओळीत कारण लिहिलेलं नाही, हे लक्षात आलं असेल. मशीनला कफ कळत नाही, त्याला फक्त माप आणि दाब कळतो. अलार्मचं भाषांतर ‘कफ साठला आहे’ असं केलं तर ज्या दिवशी ट्यूब सरकलेली असेल किंवा छातीत हवा भरून फुप्फुस दबलेलं असेल त्या दिवशीही माणूस सक्शनच करत बसेल. आधी मोजलेली गोष्ट, मग काय बघायचं, कारण सगळ्यात शेवटी आणि तेही एकाहून जास्त. रुग्ण निळा पडतोय, सॅच्युरेशन घसरतंय आणि कारण हाती लागत नाही, तर कार्ड वाचत बसायचं नाही. मदतीला हाक मारायची, मशीन काढून हाताने दाबायच्या अँबू पिशवीने श्वास द्यायचा. ही ओळ प्रत्येक कार्डाच्या तळाशी लाल अक्षरात ठेवा.

वाक्यरचनेबद्दल थोडं. आपली क्रियापदं शेवटी येतात, म्हणून लांब वाक्यात काय करायचं ते कळायला वाक्य संपावं लागतं. “सर्किटमध्ये पाणी साचून ट्यूबला वाकण आले आहे किंवा कसे याची खात्री करावी” हे सरकारी पत्रकात शोभतं. कार्डावर “सर्किट बघा: पाणी? वाकली?” एवढं बास.

५. अ‍ॅपनिया, आणि कॉरिडॉरमध्ये ऐकू जाणारी मराठी

अ‍ॅपनियाला सगळेजण झटकन ‘श्वास थांबला’ लिहितात. ते दोन कारणांनी नको. पहिलं, मशीन फक्त एवढंच सांगतं की ठरलेल्या वेळात त्याला रुग्णाचा श्वास जाणवला नाही. रुग्ण श्वास घेत असेल, पण सर्किट सुटलेलं असेल किंवा श्वास ओळखायची संवेदनशीलता इतकी बोथट लावलेली असेल की कमजोर रुग्णाची ओढ मशीनपर्यंत पोचतच नसेल. म्हणून ‘श्वास जाणवला नाही’ असंच लिहा, आणि पुढे ‘छाती बघा, सर्किट बघा’.

दुसरं कारण दाराबाहेर बसलेलं असतं. आयसीयूचं दार अर्धं उघडं, बाहेर बाकावर रुग्णाची बायको, भाऊ. “अ‍ॅपनिया आला” हे त्यांना कळत नाही. “दोन नंबरचा श्वास थांबला” हे नीट कळतं, आणि मग दारावर जो लोंढा येतो तो आवरता आवरता अलार्म बघायचा राहतो. मराठी केली की ती सगळ्यांना कळते, ही गोष्ट कार्ड करणारे विसरतात. कार्डावरचं वाचायचं मराठी आणि मोठ्याने हाक मारायची मराठी वेगळी ठेवा. हाकेसाठी “दोन नंबर, अ‍ॅपनिया, या” एवढं पुरे. नातेवाइकांशी काय बोलायचं ते डॉक्टरांवर सोडा.

अलार्मचा आवाज थांबवायच्या बटणालाही ‘अलार्म बंद’ लिहू नका. आवाज थोड्या वेळापुरता, बहुधा दोन मिनिटं, गप्प होतो. अलार्मचं कारण तिथेच असतं. ‘आवाज थांबवला, अलार्म चालू’ असं लिहा.

रंगांचं फार समजवावं लागत नाही. लाल लुकलुकणारा म्हणजे आत्ता, पिवळा लुकलुकणारा म्हणजे लवकर. एका ओळीत संपवा.

६. टेस्ट लंगवर कार्ड तपासा

कार्डाचा मसुदा झाला की ज्याने तो लिहिला नाही अशा टेक्निशियनला बोलवा. शक्यतो घरी कन्नड किंवा तेलुगू बोलणाऱ्याला, कारण ‘टेकू’, ‘तळदाब’ हे शब्द त्याला पटकन कळतात का ते तिथेच समजतं. त्याच्यासमोर मराठी ओळी ठेवा, स्क्रीनवरचा शब्द झाकून, आणि विचारा, हे स्क्रीनवर कुठे दिसेल? बोट योग्य आकड्यावर गेलं तर शब्द बरोबर. घुटमळलं तर शब्द बदला, त्याला समजावत बसू नका. रात्री समजावायला आपण तिथे नसतो.

मग टेस्ट लंग. व्हॉल्यूम कंट्रोलवर ४०० लावा आणि टेस्ट लंगकडे जाणारी नळी बोटांनी हळूहळू दाबा. शिखरदाब चढतो, मर्यादेला टेकतो, अलार्म येतो. आता प्रेशर सपोर्टवर या. इथे एक गंमत आहे: टेस्ट लंग स्वतः श्वास घेत नाही, त्यामुळे थोड्या वेळात अ‍ॅपनियाचा अलार्म आपोआप येतो. ते कार्ड इथे तपासून होतं. नंतर टेस्ट लंगचा फुगा हाताने हलका ओढून श्वास ‘घ्यायला’ लावा, माप दिसायला लागेल. तसंच ओढत राहून दुसऱ्याला नळी दाबायला सांगा. दाब तिथेच, माप खाली. ज्याने हे एकदा स्वतःच्या बोटांनी केलं त्याला वरचं सूत्र परत सांगावं लागत नाही. शेवटी सर्किटचा जोड किंचित सैल करून गळती करा आणि `VTi`, `VTe` यांतला फरक दाखवा. सेन्सर कुठे बसवलाय यावर आकडे थोडे हलतात. रुग्णाजवळच्या सेन्सरच्या मागे मशीनच्या बाजूला गळती केली तर या दोन आकड्यांत फरक दिसणार नाही. सैल करायचा जोड सेन्सर आणि टेस्ट लंगच्या मध्ये निवडा.

सगळं जुळलं की आयसीयूच्या डॉक्टरांची सही, तारीख, आणि कुठल्या मशीनचं कार्ड ते वर मोठ्या अक्षरात. मशीनचं सॉफ्टवेअर बदललं तर कार्ड पुन्हा स्क्रीनसमोर धरून वाचायचं, कारण अपडेटमध्ये शब्द बदलतात.

७. दुसऱ्या मशीनचं कार्ड पहिल्यावरून उतरवू नका

एक कार्ड झालं की पुढचं झेरॉक्स काढून नाव बदलून करावंसं वाटतं. मास्कवरच्या बायपॅप मशीनवर हे हमखास फसतं. तिथे बहुधा टेकू दिसतच नाही, दोन दाब दिसतात: `IPAP` आणि `EPAP`. `EPAP` म्हणजे आपला तळदाब. `IPAP` म्हणजे श्वास आत जाताना एकूण किती दाब, शून्यापासून मोजलेला. टेकू मात्र तळदाबाच्या वर मोजतात.

म्हणजे `IPAP` १४, `EPAP` ५ असेल तर टेकू १४ नाही, ९ आहे. याच रुग्णाला पुढे व्हेंटिलेटरवर घेऊन टेकूच्या म्हणजे `PS` च्या जागी १४ लावले तर शिखरदाब १९ होईल. उलट्या बाजूने, व्हेंटिलेटरवर टेकू १० आणि तळदाब ५ असलेल्या रुग्णाला मास्कवर घेताना `IPAP` १० लावले तर टेकू पाचच उरतो, निम्मा, आणि दमलेला रुग्ण आणखी दमतो. दोन्हीकडे ‘सपोर्ट दहा’ असं लिहिलं असेल तर फरक दिसायची सोयच नाही.

काही व्हेंटिलेटरवरही मास्कच्या मोडमध्ये दाब याच पद्धतीने लावतात, म्हणून मशीन बायपॅप आहे की व्हेंटिलेटर यावरून अंदाज बांधू नका. टेस्ट लंग लावा, तळदाब ५ ठेवा, वरचा आकडा १० लावा, आधीसारखा फुगा हलका ओढून श्वास ‘घ्यायला’ लावा आणि शिखरदाब वाचा. १५ दिसले तर तो टेकू आहे, १० दिसले तर तो एकूण दाब आहे. त्याप्रमाणे त्या मशीनच्या कार्डावर ‘टेकू’ किंवा ‘एकूण दाब’ यांपैकी एकच शब्द छापा, आणि खाली छोटी वजाबाकी: `14 − 5 = 9`.